अकरा ओळींचं कार्ड

*ताई, माझ्या जीवशास्त्राच्या एका धड्याची १४० कार्डं झाली आहेत. काहींवर एक व्याख्या आहे, काहींवर अख्खं उत्तर. नमुन्याला एक पाठवते : पुढे 'मूत्रनिर्मिती', मागे आदर्श उत्तराच्या अकरा ओळी. माइंड मॅपही काढलाय, सहा रंगांत, पूर्ण पानभर. कार्डं रोज वाचते आणि वाचताना सगळं येतंय असं वाटतं. तरी चाचणीत याच प्रश्नाला पाचपैकी दोन मार्क. तपासलेला पेपरही जोडलाय. कार्डांचा उपयोगच नसतो, की मीच काहीतरी चुकतेय? परीक्षेला सहा आठवडे आहेत.*
*– चक्रावलेली*

चक्रावलेल्या मुली,

तुझा पेपर मी आधी वाचला आणि कार्ड नंतर. तो क्रम बरा पडला. उत्तराची तुझी पहिलीच ओळ आहे, 'वृक्क रक्तातील टाकाऊ पदार्थ गाळून वेगळे काढते व त्यापासून मूत्र तयार होते.' कानाला बरी लागते, पण मूत्र असं तयार होत नाही. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, ते टाकाऊ पदार्थ वेचून काढत बसत नाही. ते रक्तातलं जे जे बारीक आहे ते सगळंच आधी बाहेर ढकलतं. पाणी, क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं, युरिया, सगळं. आणि मग हवं तेवढं परत आत घेतं. कपाट आवरताना कुणी नको त्या वस्तू शोधतं, कुणी अख्खं कपाट जमिनीवर ओततं आणि हवं तेवढंच परत लावतं. वृक्काचा स्वभाव दुसऱ्या माणसाचा. ही गोष्ट डोक्यात उलटी बसली की पुनःशोषण नावाचा टप्पा लागतोच कशाला, हे कळत नाही. तू तो टप्पा एका वाक्यात उरकलास. तुझे मार्क तिथे गेले.

आता कार्ड बघ. त्याच्या मागे हेच सगळं बरोबर लिहिलेलं आहे! चौथ्या ओळीत स्पष्ट आहे की गाळलेल्या द्रवात ग्लुकोज असतं. ती ओळ तू रोज वाचलीस, पण त्या कार्डाने तुला ती गोष्ट एकदाही विचारली नाही. पुढच्या बाजूला आहे 'मूत्रनिर्मिती', आणि तो प्रश्न नाही, मथळा आहे. मथळा वाचून मनात 'हो, हे येतं' म्हणायचं, कार्ड उलटायचं, ओळी ओळखीच्या दिसल्या की पुढचं कार्ड घ्यायचं. असं केलं तर ते पाठ्यपुस्तकच झालं, फक्त तुकड्यांत कापलेलं.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतला हा फरक प्रयोगातही दिसला आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून बंद केले आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. वाचताना 'येतंय' असं जे वाटतं ते पाच मिनिटांपुरतं खरंच असतं, म्हणून तर माणूस फसतो. तेव्हा कार्डांना दोष नको देऊस. तुझ्या कार्डांनी तुला आठवायला लावलंच नाही, एवढंच झालं.

मग हेच अकरा ओळींचं कार्ड फोडून बघू. मागचं उत्तर थोडक्यात असं आहे : मूत्रनिर्मिती वृक्कातील नेफ्रॉन या सूक्ष्म घटकांमध्ये गाळण, पुनःशोषण आणि स्रवण या तीन टप्प्यांत होते. ग्लोमेरुलस या केशिकांच्या गुच्छात रक्त आणणारी अभिवाही धमनिका रुंद व रक्त नेणारी अपवाही धमनिका अरुंद असल्याने आत दाब वाढतो. या दाबाने रक्तातील द्रव बोमन संपुटात गाळला जातो. त्यात पाणी, क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले, युरिया असतात. रक्तपेशी व मोठी प्रथिने नसतात. दोन्ही वृक्कांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला ९९ टक्के भाग नलिकांतून परत रक्तात जातो. ग्लुकोज व अमिनो आम्ले समीपस्थ नलिकेत परत घेतली जातात. हेन्लेच्या पाशाच्या उतरत्या भुजेतून पाणी बाहेर जाते, चढत्या भुजेतून क्षार. दूरस्थ नलिकेत हायड्रोजन व पोटॅशियम आयनांचे स्रवण होते. संग्राहक नलिकेत एडीएच संप्रेरकामुळे पाणी शोषले जाते. शेवटी दिवसाला सुमारे दीड लिटर मूत्र उरते.

पेन्सिल घे आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचार : हे वाक्य मला नाव किंवा आकडा सांगतंय, कारण सांगतंय, की कशानंतर काय हा क्रम सांगतंय? नावाखाली साधी रेघ मार, कारणाखाली नागमोडी. क्रमाच्या वाक्याला चौकट कर. रेघेच्या आणि नागमोडीच्या वाक्यांची कार्डं होतात. चौकटीतल्यांची होत नाहीत, ती माइंड मॅपमध्ये जातात. बहुतेक जण इथेच गोंधळ करतात. तूही 'मूत्रनिर्मितीचे टप्पे' हे कार्डावर घातलंस, आणि १२५ मिली हा आकडा माइंड मॅपच्या फांदीवर लाल रंगात काढलास. बरोबर उलटं झालं.

आता कार्डं. पहिलं कारणाचं करू, कारण तेच जास्त मार्क देतं.

पुढे : ग्लोमेरुलसमध्ये रक्ताचा दाब इतका का असतो?
मागे : रक्त बाहेर नेणारी धमनिका आत आणणारीपेक्षा अरुंद असते.

आत येणारी वाट रुंद आणि जाणारी अरुंद, म्हणजे मध्ये कोंडी होणारच. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की कार्डावर आणखी एक अक्षर नको. तुझा हात 'अभिवाही धमनिका अपवाही धमनिकेपेक्षा रुंद असल्याने ग्लोमेरुलसमधील केशिकांमध्ये' असं सगळं लिहायला शिवशिवेल. लिहू नकोस. मागची बाजू एका श्वासात म्हणता आली पाहिजे. अभिवाही आणि अपवाही ही नावं हवीतच, पण त्यांचं कार्ड वेगळं.

दुसरं कार्ड तुझ्या चुकीचं. तपासलेल्या पेपरात लाल शाई जिथे आहे तिथून निघालेलं कार्ड हे सगळ्यात मोलाचं, कारण ते फक्त तुझं असतं, दुसऱ्या कुणाच्या कामाचं नसतं.

पुढे : गाळलेल्या द्रवात ग्लुकोज असतं का? मग लघवीत का नसतं?
मागे : असतं. समीपस्थ नलिकेत सगळं परत घेतलं जातं.

हे एकच कार्ड व्यवस्थित आलं असतं तर पेपरातली ती पहिली ओळ तुझ्या हातून उतरलीच नसती. एरवी मी हो-नाहीची कार्डं करू देत नाही, कारण नाणं उडवूनही ती निम्म्या वेळा बरोबर येतात. इथे 'मग का नसतं' हे शेपूट आहे म्हणून चालतं.

आकड्यांकडे ये. उत्तरात चार आकडे आहेत : १२५ मिली, १८० लिटर, ९९ टक्के, दीड लिटर. तू चौघांचं एक कार्ड केलंयस. कार्डं दोनच कर, १२५ मिलीचं आणि दीड लिटरचं. बाकीचे दोन या दोघांच्या पोटात आहेत. मिनिटाला १२५ मिली, गुणिले ६०, गुणिले २४, झाले १,८०,००० मिली म्हणजे १८० लिटर. त्यातले दीड लिटर उरले, म्हणजे टक्काही उरला नाही, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त परत गेलं. जो आकडा काढता येतो तो पाठ करायचा नाही. कार्ड केलंच तर 'दिवसाला १८० लिटर हे कसं काढशील?' असं कर. परीक्षेत आकडा विसरलीस तर हा गुणाकार समासात करता येतो.

यादीचं काय करायचं? गाळलेल्या द्रवात पाच पदार्थ असतात, त्यांचं 'पाच पदार्थ सांगा' असं कार्ड हमखास फसतं. रोज चार आठवतात, आणि राहिलेला पाचवा रोज वेगळा असतो. मग ते कार्ड आलं म्हणायचं की नाही? यादी दिसली की तिच्या आत एखादा नियम आहे का ते आधी शोध. इथे आहे : जे लहान ते जातं, जे मोठं ते राहतं. म्हणून कार्ड उलट्या बाजूने कर. 'रक्तातलं काय गाळलं जात नाही?' उत्तर फक्त रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं. उरलेलं सगळं जातं. पाचांची यादी दोनांवर आली, शिवाय कारणही कळलं. ज्या यादीत असा नियमच नसतो तिची प्रत्येक वस्तू वेगळ्या प्रश्नात घालावी लागते, त्याला इलाज नाही.

आणखी एक जागा आहे जिथे कार्डं एकमेकांच्या पायात येतात. पुनःशोषण आणि स्रवण, उतरती भुजा आणि चढती भुजा. या जोड्यांची वेगवेगळी कार्डं केलीस तर प्रत्येक कार्ड एकटं असताना बरोबर येईल आणि पेपरात नेमकी अदलाबदल होईल. जुळ्यांना एकाच कार्डावर समोरासमोर उभं कर.

पुढे : पुनःशोषण आणि स्रवण, पदार्थ कुठून कुठे जातो?
मागे : पुनःशोषण : नलिकेतून रक्तात. स्रवण : रक्तातून नलिकेत.

पुढे : हेन्लेच्या पाशाची कोणती भुजा पाण्याला बंद?
मागे : चढती. (उतरतीतून पाणी जातं, चढतीतून क्षार.)

एडीएचचं कार्ड मी 'एडीएचचे कार्य' असं करणार नाही. 'एडीएच कमी झालं तर लघवी कशी होईल, आणि का?' असं करीन. पातळ आणि भरपूर, कारण संग्राहक नलिकेतून पाणी परत घेतलं जात नाही. 'अमुक नसेल तर काय' हा साचा शरीरशास्त्राला फार फळतो. कार्य पाठ असणारा विद्यार्थी इथे अडखळतो, समजलेला अडखळत नाही.

अभिवाही-अपवाही या नावांचं आणि स्रवणातल्या आयनांचं अशी दोन छोटी कार्डं धरली तर अकरा ओळींची दहा कार्डं झाली. संख्या वाढली ना? हरकत नाही. तुझं जुनं एक कार्ड मनापासून म्हणायला तीन मिनिटं लागतात, म्हणून तू ते म्हणतच नाहीस, नुसतं वाचतेस. ही दहा मिळून तेवढ्याच वेळात होतात, आणि कोणतं आलं नाही ते नेमकं कळतं.

हे झालं उत्तराचं. पाठ्यपुस्तकातला धडा घेताना मात्र पहिल्या पानापासून कार्डं करत सुटू नकोस. १४० कार्डं अशीच होतात : प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण अजून कशाला महत्त्व आहे तेच माहीत नसतं. एक उपशीर्षक घे, तेवढाच भाग वाच, पुस्तक मिट आणि मग प्रश्न लिही. फक्त प्रश्न. उत्तरं दुसऱ्या दिवशी लिही, आधी पुस्तक न बघता आणि मग पडताळून. रात्रभराने दोन गोष्टी आपोआप होतात. जो प्रश्न फालतू होता तो सकाळी फालतूच दिसतो. आणि ज्या प्रश्नाचा अर्थ तुझा तुलाच लागत नाही, 'ती भुजा बंद का?' – कोणती भुजा, कशाला बंद? – तो तिथल्या तिथे दुरुस्त होतो. महिन्याने हातात पडेल तेव्हा कार्ड एकटं असणार, त्याच्या मागेपुढे धडा नसणार. प्रश्न पूर्ण हवा, तो याच्यासाठी.

आकृत्यांचं सोपं आहे : नावं झाकलेली आकृती पुढे, नावांसकट मागे. त्यावर जास्त वेळ घालवू नये.

आता तुझा माइंड मॅप. दिसायला तो देखणा आहे, मान्य. पण तो काढताना पुस्तक शेजारी उघडं होतं, हे मी पैजेवर सांगते. फांद्यांचा क्रम तंतोतंत पुस्तकातल्या परिच्छेदांचा आहे, आणि 'समीपस्थ संवलित नलिका' या लांबलचक नावात एकही चूक नाही. आठवून लिहिणाऱ्याच्या हातून असं होत नाही. कार्पिकेंनीच ब्लंट यांच्याबरोबर २०११ साली केलेल्या प्रयोगात हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी शास्त्राचा उतारा समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढला, जो माइंड मॅपचा जवळचा भाऊ आहे. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्याने आठवणारे पुढे होते, परीक्षेत नकाशाच काढायला सांगितला तेव्हासुद्धा. म्हणून नकाशा वाईट असं नाही. नकाशा बघून काढणं म्हणजे नक्कल, एवढंच.

तेव्हा पुस्तक मिटून, एका पेन्सिलीने, दहा मिनिटांत काढ. रंग नंतर. फांदीवर दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त नको, वाक्य तर नकोच. आणि माझी एक सवय देते, पटली तर घे : प्रत्येक मुख्य फांदीला उपफांद्या त्याच तीन ठेवायच्या. कुठे, काय, कशामुळे. मी तो गोल न काढता उभा लिहिते, त्याला जागा कमी लागते आणि खोडणं सोपं पडतं.

मूत्रनिर्मिती
– गाळण
 – कुठे : ग्लोमेरुलस ते बोमन संपुट
 – काय : लहान ते सगळं
 – कशामुळे : दाब
– पुनःशोषण
 – कुठे : समीपस्थ, हेन्ले, संग्राहक
 – काय : ग्लुकोज / पाणी व क्षार / पाणी
 – कशामुळे : ______ / भुजा वेगळ्या / एडीएच
– स्रवण
 – कुठे : दूरस्थ
 – काय : हायड्रोजन, पोटॅशियम
 – कशामुळे : ______

रिकाम्या दोन रेघा बघ. मी त्या मुद्दाम ठेवल्यात, कारण तुझ्या अकरा ओळींत त्यांचं उत्तरच नाही. समीपस्थ नलिकेत ग्लुकोज परत कशामुळे जातं? स्रवण होतं कशासाठी? नुसतं वाचताना या फटी कधीच दिसल्या नसत्या, कारण वाक्यं एकमेकांना चिकटून झरझर पुढे जातात. आता पुस्तक उघड आणि फक्त या दोन जागांसाठी वाच. पहिलीत मिळेल : सक्रिय वहन, म्हणजे ऊर्जा खर्चून पदार्थ ओढून घेणं. दुसरीत : रक्तातलं आम्ल-अल्क आणि क्षारांचं प्रमाण राखण्यासाठी. या दोघांची दोन नवी कार्डं होतील. कार्डं अशी आराखड्यातून जन्मली की ती का केली हे आपल्याला माहीत असतं.

तीनही प्रश्न सगळीकडे लागू पडतात असं समजू नकोस. वर्गीकरणाच्या धड्याला 'कशामुळे' निरर्थक ठरतं, तिथे 'वेगळं कशाने ओळखायचं' हा प्रश्न हवा. इतिहासाला 'कुठे'पेक्षा 'कधी' आणि 'त्यातून पुढे काय' जास्त उपयोगी. आणि भाषेच्या पेपरातल्या रसग्रहणाला हे काहीच लावू नकोस. तिथे कार्डांवर उतरवलेली उत्तरं वाचवत नाहीत, हे मी अनेक वर्षं पेपर तपासून सांगते.

पाच मार्कांच्या उत्तरापर्यंत अजून आपण पोचलो नाही, लक्षात आलं का? दहाही कार्डं बरोबर येऊनही उत्तर लिहिता येत नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. विचारलं की पटापट सांगतात, कागदावर मात्र चार ओळींत संपतात. कार्ड तुकडे देतं, उत्तराला क्रम लागतो, आणि तो आराखड्यात आहे. म्हणून आठवड्यातून दोनदा एवढं कर : कोऱ्या कागदाच्या कडेला तीन मुख्य फांद्या लिही, फक्त तीन शब्द. प्रत्येकीसमोर दोन किंवा तीन पूर्ण वाक्यं लिही. 'कुठे'चं आणि 'काय'चं मिळून एक, 'कशामुळे'चं दुसरं. घड्याळ लावून आठ मिनिटं. मग आदर्श उत्तराशी ताडून बघ, पण शब्द जुळतात का ते नको बघूस, मुद्दे मोज. तपासणाराही मुद्देच मोजतो. तुझ्या पेपरात मला मुद्दे चारच दिसले, आणि त्यातला पहिला चुकीचा.

कार्डं कधी म्हणायची याला सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सुचवलेली खणांची पेटी पुरते. त्यापेक्षा गुंतागुंतीचं काही नको. सहा आठवड्यांसाठी तीन खण कर. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खणात जातं, चुकलेलं कुठूनही थेट पहिल्यात येतं. मोबाइलवर अँकीसारखं अ‍ॅप हे अंतर स्वतः ठरवतं, तेही चालेल. पण 'बरोबर' म्हणजे काय याची अट आधी घाल : उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हटलेलं किंवा लिहिलेलं असलं पाहिजे. मनात चमकून गेलं ते धरायचं नाही.

एक कार्ड चार वेळा चुकलं की स्वतःला बोल लावू नकोस, कार्डाकडे संशयाने बघ. बहुधा त्यात दोन प्रश्न कोंबलेले असतात, किंवा त्याचं जुळं दुसऱ्या कुठल्या तरी कार्डावर बसलेलं असतं. फोड, नाहीतर जुळ्याशेजारी आण. याच्या उलटही होतं आणि ते ओळखणं कठीण : कार्ड नेहमी बरोबर येतं, पण ते उत्तरामुळे नाही. माझ्याकडे एक कार्ड होतं, त्याच्या कोपऱ्यात शाईचा डाग पडला होता. डाग दिसला की माझ्या तोंडून 'दूरस्थ नलिका' निघायचं, प्रश्न वाचायच्या आधी. परीक्षेच्या पेपरावर डाग नसतो. असा संशय आला की प्रश्नाचे शब्द बदलून कार्ड नव्याने लिही. लगेच कळतं.

तुझी १४० कार्डं टाकू नकोस, पण सगळी फोडतही बसू नकोस. त्यात दोन आठवडे जातील. गेल्या काही वर्षांचे प्रश्न समोर ठेव आणि त्यांना ज्यांची गरज पडते तेवढीच आधी घे. माझा अंदाज, पन्नासच्या आसपास निघतील. रोज सात-आठ कार्डं फोडलीस तर आठवड्यात हा धडा होतो. उरलेल्यांपैकी नुसत्या व्याख्यांची कार्डं जशीच्या तशी चालतील, फक्त काहींची बाजू उलट. 'नेफ्रॉन म्हणजे काय' याऐवजी 'वृक्काचा सर्वांत लहान कार्यकारी घटक कोणता' असं विचारलेलं तुला जास्त वेळा भेटेल.

आणि तो सहा रंगांचा माइंड मॅप भिंतीवर असेल तर काढून वहीत ठेव. पुस्तक मिटून काढलेल्या पेन्सिलीच्या आराखड्याशी दर रविवारी तो ताडून बघ. सुटलेल्या फांद्यांना लाल खूण कर, आणि पुढच्या रविवारी फक्त त्या खुणा बघ.